सातवा गट मागे का पडला? ई-बाइकच्या बॅटरीतील समतोलाचे गणित

विजेच्या सायकली आणि दुचाकी दुरुस्त करणारी छोटी दुकाने आता जळगाव, धुळे, भुसावळपासून तालुक्याच्या गावांपर्यंत दिसू लागली आहेत. त्यांपैकी बऱ्याच दुकानांत एक समजूत पक्की झालेली आढळते: बॅटरीच्या पॅकमध्ये ‘बीएमएस’ नावाची पट्टी असते आणि ती कमजोर सेलला जास्त वीज देऊन इतरांच्या बरोबरीला आणते. वापरात असलेल्या बहुसंख्य पट्ट्या याच्या नेमके उलट काम करतात. त्या मागे पडलेल्या सेलला काहीही देत नाहीत, तर पुढे गेलेल्या सेलमधील थोडी वीज उष्णतेच्या रूपाने जाळून टाकतात आणि मागचा सेल जवळ येईपर्यंत पुढच्यांना रोखून धरतात. हा फरक समजला की पॅकचे अनेक आजार आपोआप उलगडू लागतात.

आधी पॉवर बँकेचा विषय बाजूला काढतो, कारण तेथे हा प्रश्न बहुधा उद्भवतच नाही. साध्या पॉवर बँकेतील दोन, तीन किंवा चार सेल समांतर जोडलेले असतात, म्हणजे सर्वांची धन टोके एकत्र आणि ऋण टोके एकत्र. अशा जोडणीत सर्व सेलचा व्होल्टेज कायम एकच राहतो आणि वीज जास्त असलेल्या सेलकडून कमी असलेल्याकडे स्वतःहून वाहते. तिथल्या छोट्या पट्टीचे काम अतिचार्ज, अतिडिस्चार्ज आणि शॉर्टसर्किट यांपासून संरक्षण करणे एवढेच असते. लॅपटॉपही चार्ज करणाऱ्या काही मोठ्या पॉवर बँकांमध्ये मात्र सेल एकसर, म्हणजे एकामागे एक जोडलेले असतात, आणि त्यांना पुढे सांगितलेले सर्व काही लागू पडते.

ई-बाइकचा ४८ व्होल्टचा लिथियम-आयन पॅक म्हणजे साधारणपणे तेरा गटांची एकसर साखळी. प्रत्येक गटात समजा अडीच अँपिअर-तासाचे चार सेल समांतर आहेत, तर गटाची क्षमता १० अँपिअर-तास झाली आणि पॅकमध्ये एकूण ५२ सेल आले. एक सेल ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो, म्हणून चार्जर १३ गुणिले ४.२, म्हणजे ५४.६ व्होल्ट देतो. एकसर जोडणीत सर्व गटांतून तंतोतंत तेवढाच प्रवाह जातो. कोणालाही कमी किंवा जास्त मिळत नाही. चार्जरला मात्र फक्त दोन टोकांमधील बेरीज दिसते. भुईकाट्यावर कापसाची ट्रॉली चढवली की एकूण वजन कळते, पण आतले कोणते गाठोडे ओले आहे ते कळत नाही; चार्जरची स्थिती तशीच आहे.

या बेरजेत धोका कसा लपतो ते पाहण्यासाठी अशी कल्पना करा की पॅकमध्ये एकेका गटावर लक्ष ठेवणारी कोणतीही पट्टी नाही. बारा गट ४.१५ व्होल्टवर आहेत आणि सातवा गट काही कारणाने त्यांच्या पुढे आहे. बारा गटांची बेरीज ४९.८ व्होल्ट होते. चार्जर ५४.६ गाठेपर्यंत थांबणार नाही, म्हणजे उरलेले ४.८ व्होल्ट एकट्या सातव्या गटावर येऊ शकतात. इतक्या व्होल्टेजला सेलच्या आतल्या ग्राफाइटच्या ऋण इलेक्ट्रोडमध्ये मावू न शकलेले लिथियम त्याच्या पृष्ठभागावर धातूच्या थराच्या रूपात साचू लागते, धन इलेक्ट्रोडची रचना ढासळून त्यातून ऑक्सिजन सुटू लागतो आणि आतला ज्वलनशील द्रव विघटित होऊन वायू तयार होतो. पॅकला आग लागण्याचा हा एक ओळखीचा मार्ग आहे, आणि चार्जर त्या वेळी अगदी ठरवून दिल्याप्रमाणे काम करत असतो.

उलट बाजूचे नुकसान सावकाश होते, आणि त्याचे उदाहरण मला अमळनेरच्या एका दुकानात आलेल्या पॅकमध्ये पाहायला मिळाले. शेतावर ये-जा करणाऱ्या एका गृहस्थांची गाडी पूर्वी एका चार्जिंगमध्ये सुमारे ४० किलोमीटर जात असे. आता ती ३४ किलोमीटरच्या आसपास, पडद्यावर बॅटरी शिल्लक दिसत असतानाच, अचानक बंद पडत होती. पॅक पूर्ण चार्ज करून तासभर तसाच ठेवला आणि मग पट्टीला जाणाऱ्या बारीक तारांच्या जोडावर मल्टिमीटर लावला. तेरा गटांसाठी अशा चौदा तारा असतात आणि शेजारच्या दोन तारांमधील व्होल्टेज म्हणजे एका गटाचा व्होल्टेज. बारा गट ४.२०च्या अगदी जवळ होते, सातवा ४.०२ व्होल्ट दाखवत होता.

या प्रकारच्या सेलमध्ये ४.०२ व्होल्ट म्हणजे साधारण ८५ टक्के चार्ज. सातवा गट इतरांपेक्षा सुमारे दीड अँपिअर-तास मागे होता. गाडी चालू लागली की सर्व गटांतून सारखीच वीज खर्च होते, त्यामुळे साडेआठ अँपिअर-तास खर्च झाल्यावर सातवा गट रिकामा होतो आणि उरलेल्या बारा गटांत दीड अँपिअर-तास तसेच पडून राहतात. ४० किलोमीटरचे ८५ टक्के म्हणजे ३४, हिशेब जुळला. या पॅकच्या पट्टीला प्रत्येक गटाचा व्होल्टेज कळत होता, म्हणून सातवा गट खालची मर्यादा गाठताच तिने पुरवठा तोडला. तेवढेही संरक्षण नसते तर काय झाले असते? त्या क्षणी इतर बारा गट साधारण ३.४५ व्होल्टवर, म्हणजे बेरीज ४१.४. मोटरचा कंट्रोलर ३९ व्होल्टच्या आसपास थांबायला सांगितलेला असेल, तर सातवा गट शून्यावर गेला तरी त्याला ते समजले नसते. सेल इतका खाली ओढला गेला की ऋण इलेक्ट्रोडमागचा तांब्याचा पातळ पत्रा विरघळू लागतो, आणि पुढच्या चार्जिंगच्या वेळी ते तांबे नको त्या जागी साचून आतल्या आत शॉर्टसर्किट घडवू शकते.

येथे एका जुन्या समजुतीबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. महिन्यातून एकदा बॅटरी पूर्ण रिकामी करून पुन्हा भरली की तिला ‘जीव येतो’ असे अजूनही सांगितले जाते. ही सवय निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातली आहे. लिथियम पॅकमध्ये पूर्ण रिकामे करणे म्हणजे सर्वांत मागच्या गटाला मुद्दाम खड्ड्यात ढकलणे होय, आणि त्यातून कोणताही फायदा मिळत नाही.

गट मागे का पडतात? प्रत्येक सेल नुसता पडून असतानाही स्वतःची थोडी वीज गमावत असतो आणि हा वेग सर्वांचा सारखा नसतो. तापमान वाढले की तो वेग झपाट्याने वाढतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, गाडी उन्हात उभी असते आणि पॅकच्या मधल्या सेलची उष्णता बाहेर पडायला वाट नसते. अमळनेरच्या पॅकमधला सातवा गट बरोबर मध्यभागी होता. दीड अँपिअर-तासाचा फरक पाच महिन्यांत पडला असे धरले, तर रोजची गळती केवळ १० मिलिअँपिअर-तास, म्हणजे प्रवाहाच्या भाषेत अर्ध्या मिलिअँपिअरहूनही कमी निघते. एवढी क्षुल्लक गळती भरून निघाली नाही तर रोज साचत जाते, आणि ती भरून काढण्यासाठीच समतोल साधणारा भाग पट्टीवर असतो.

त्या भागाची रचना साधी आहे. प्रत्येक गटाच्या दोन टोकांमध्ये एक रोध आणि त्याला चालू-बंद करणारा एक ट्रान्झिस्टर असतो. गट ४.२ व्होल्टच्या जवळ पोहोचला की ट्रान्झिस्टर चालू होतो आणि रोधातून वीज वाहू लागते. रोध १०० ओहमचा असेल तर ४.२ भागिले १००, म्हणजे ४२ मिलिअँपिअर, आणि त्यातून ०.१८ वॅट उष्णता. चार्जिंगच्या अखेरीस चार्जरचा प्रवाह फार कमी झालेला असतो. पुढच्या बारा गटांशी आलेला तो प्रवाह त्यांच्या बाजूच्या रोधांतून निघून जातो, आणि सातव्याचा रोध बंद असल्याने तोच प्रवाह त्याच्या आत साठतो. म्हणजे इतर जागच्या जागी थांबतात आणि सातवा चालत राहतो.

हे काम टोकावरच का केले जाते, हा प्रश्न रास्त आहे. अर्ध्या चार्जच्या आसपास सेलचा व्होल्टेज फार सावकाश बदलतो, त्यामुळे तेथे व्होल्टेज पाहून चार्जचा फरक ओळखणे अवघड असते. शेवटच्या टप्प्यात तो फरक ठळक होतो. लिथियम-आयर्न-फॉस्फेट सेलमध्ये मधला भाग आणखी सपाट असल्याने ही अडचण अधिकच जाणवते. याचा व्यवहारातला परिणाम असा की चार्जरचा दिवा हिरवा होताच जो प्लग काढतो, किंवा आयुष्य वाढावे म्हणून कायम ८० टक्क्यांवरच थांबतो, त्याच्या अशा साध्या पट्टीला समतोल साधण्याची संधीच मिळत नाही. कमी चार्जवर थांबणे सेलसाठी चांगलेच आहे, पण दोन-तीन आठवड्यांतून एकदा पॅक पूर्ण भरून, आपण जागे असताना आणि मोकळ्या जागेत, दोन-तीन तास चार्जरवर राहू द्यावा.

या पद्धतीची मर्यादाही त्याच आकड्यांत आहे. रोज १० मिलिअँपिअर-तासांची गळती ४२ मिलिअँपिअरची पट्टी पाव तासात भरून काढते. साचलेला दीड अँपिअर-तास काढायला मात्र तिला सलग ३६ तास लागतील. म्हणून अमळनेरच्या त्या कारागिराने पॅकचा चार्जर लावला नाही. त्याने मोबाईलच्या अडॅप्टरवर चालणारे एका सेलचे चार्जिंग मॉड्यूल थेट सातव्या गटाला जोडून तो ४.२ व्होल्टपर्यंत आणला. बारीक तारा एकमेकींना चुकून टेकल्या तर पॅक क्षणात प्रचंड प्रवाह सोडतो, तेव्हा हे काम घरी करून पाहू नये. जुन्या पट्टीवर संरक्षण होते, पण समतोलाचे रोध नव्हते. ज्या पट्टीवर ते असतात तिच्यावर एकसारख्या रोधांची रांग दिसते. गट तेरा तर रोधही तेरा किंवा त्याच्या पटीत. अशी पट्टी नव्याने बसवली गेली.

गट मागे पडला आहे की त्याची क्षमताच घटली आहे, हे ओळखायला दोन मोजमापे लागतात. पूर्ण चार्जवर कमी आणि रिकाम्या पॅकमध्येही कमी व्होल्टेज दाखवणारा गट फक्त मागे पडलेला असतो आणि समतोलाने सुधारतो. जो भरताना सर्वांच्या आधी वर पोहोचतो आणि वापरताना सर्वांच्या आधी खाली येतो, त्याची क्षमताच कमी झालेली असते. त्याला रोध काहीही करू शकत नाही, सेल बदलावे लागतात. तिसरी शक्यता पट्टीच्याच दोषाची असते: एखादा ट्रान्झिस्टर कायमचा चालू राहिला तर त्याचा गट दिवसाला जवळपास एक अँपिअर-तास गमावतो, आणि पॅक पडून असताना पट्टीवरचा तेवढाच एक रोध बोटाला कोमट लागतो.

सातवा गट दोन्ही मोजमापांत खालीच होता, म्हणजे तो केवळ मागे पडलेला होता, त्यामुळे त्यातले चारही सेल जागेवरच ठेवले. समांतर जोडणीत चौघांपैकी एकच सेल गळत असला तरी तो उरलेल्या तिघांना सोबत खाली ओढतो, म्हणून महिन्यातून एकदा पूर्ण चार्जनंतर त्या गटाचा व्होल्टेज तपासायचे ठरले आहे. फरक २० मिलिव्होल्टच्या आत राहिला तर नवी पट्टी पुरेशी ठरत आहे असे समजायचे; ती असूनही फरक पुन्हा १०० मिलिव्होल्टकडे सरकला, तर गट सोडवून चारही सेल वेगवेगळे मोजायचे आणि गळणारा काढून टाकायचा.