कमर्शियल पायलट लायसन्स: सहा महिन्यांची अट आणि आपला पाऊस

माझी भाची देवगडची. दोनशे तास उड्डाण पूर्ण झालं, पेपर सुटले, मेडिकल हातात होतं, तरी तिचा लायसन्सचा अर्ज गेल्या वर्षी मे महिन्यात पुढे सरकू शकला नाही. कागद सगळे होते, पण तारखा जुळत नव्हत्या. कोकणातून या वाटेला लागणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना हे आधी समजलं पाहिजे, म्हणून सविस्तर लिहितो.

पात्रता सोपी आहे. वय १८ पूर्ण आणि बारावीला फिजिक्स व मॅथ्स. कॉमर्स केलेल्यांना हे दोन विषय पुन्हा परीक्षा देऊन जोडता येतात. शिकायला मात्र घाट चढून बारामती किंवा थेट गोंदियासारख्या ठिकाणी जावं लागतं, त्यामुळे घरून निघण्याआधीच दोन कामं उरकावीत.

पहिलं काम मेडिकल. आधी क्लास टू, तो डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, यांनी नेमलेले डॉक्टर करतात. त्यानंतर क्लास वन, तो हवाई दलाच्या किंवा डीजीसीएने मान्यता दिलेल्या केंद्रावर होतो. लायसन्सला क्लास वनच लागतो. त्यात डोळे, कान, ईसीजी, रक्त-लघवी, एक्स-रे अशा तपासण्या असतात. चष्मा असला तरी अडचण नसते, चष्म्याने नजर ठरलेल्या मापात आली की पुरतं. रंग ओळखण्यातला दोष मात्र औषधाने जात नाही. ठिपक्यांच्या पाटीतला आकडा ज्याला दिसत नाही, त्याला ते आयुष्यात कधी जाणवलेलंही नसतं. ओळखीच्या एका घराने उड्डाण शिकवणाऱ्या संस्थेचा पहिला मोठा हप्ता भरला आणि मग हे कळलं. रक्तदाब किंवा वजनामुळे 'तात्पुरते अपात्र' असा शेरा आला तर घाबरू नये. ते सुधारून पुन्हा तपासणीला जाता येतं, पण त्यात काही महिने जातात. माझं मत स्पष्ट आहे: क्लास वन हातात येईपर्यंत संस्थेला फी देऊ नये.

दुसरं काम कॉम्प्युटर नंबरचं. डीजीसीएच्या परीक्षांना बसायला तो लागतो आणि अर्ज pariksha.dgca.gov.in वर होतो. बारावीच्या गुणपत्रिकेची मंडळाकडून पडताळणी लागते. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या मुलांसाठी ते मंडळ रत्नागिरीलाच आहे. रायगडचं काम मुंबई विभागाकडे जातं. इथे नाव अडतं. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मुलाचं, मग वडिलांचं. आधारवर वेगळा क्रम, पासपोर्टवर वडिलांचं नावच नाही. दहावीचं नाव मूळ धरा आणि बाकी कागद त्याप्रमाणे आधीच दुरुस्त करून घ्या. पुढे उड्डाणांची नोंद ठेवायच्या लॉगबुकापासून लायसन्सपर्यंत तेच नाव चालतं.

पेपर मुख्यतः पाच: एअर नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, एअर रेग्युलेशन्स, टेक्निकल जनरल आणि ज्या विमानावर उडता त्याचा टेक्निकल स्पेसिफिक. प्रत्येकात ७० टक्के लागतात. शिवाय रेडिओवर बोलण्याची आरटीआर ही परीक्षा, तिच्यात तोंडी भागही असतो. बहुतेकांचं घोडं नेव्हिगेशन आणि हवामानात अडतं. भाचीचं हवामानात अडलं.

आता तारखांचा मुद्दा. अर्जाच्या तारखेआधीच्या पाच वर्षांत किमान २०० तास उड्डाण झालेलं हवं. त्यातले १०० तास पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःकडे घेऊन. त्या शंभरातले निदान १५ तास अर्जाआधीच्या सहा महिन्यांतले असावे लागतात. दिवसाच्या आणि रात्रीच्या उड्डाण चाचण्याही सहा महिन्यांच्या आतल्याच धरल्या जातात. त्यात लांब पल्ल्याच्या चाचण्याही आल्या.

भाचीने दिवाळीनंतर झपाट्याने तास पुरे केले. शेवटची चाचणी १२ नोव्हेंबरला झाली आणि त्या दिवसानंतर ती उडालीच नाही. हवामानाचा पेपर राहिला होता, म्हणून ती घरी येऊन अभ्यासाला बसली. पेपर सुटून निकाल आला मेच्या मध्यात. २० मे रोजी अर्ज भरायला बसलो तेव्हा मी मागे मोजलं: २० मेपासून सहा महिने मागे म्हणजे २० नोव्हेंबर. चाचणी आठ दिवसांनी बाहेर गेली होती, आणि सहा महिन्यांतले कमांडचे तास शून्य. ती एवढंच म्हणाली, "मामा, परत उडूक व्हया."

परत उडायचं म्हणजे १५ तास आणि पुन्हा चाचण्या. तासाचे पैसे पाच आकडी असतात. त्यात जून लागला. शिकाऊ विमान डोळ्यांनी जमीन आणि क्षितिज पाहून उडवलं जातं. ढग खाली उतरले, दिसणं कमी झालं की उड्डाण थांबतं. जूनमध्ये आपल्याकडे पावसाची झड लागली की तीच हवा घाटापलीकडेही ढग देते. तिचं काम ऑक्टोबरमध्ये संपलं. म्हणून पेपर आधी, उड्डाण नंतर. ते जमलं नाही तर शेवटच्या पेपरचा निकाल येईपर्यंत १५ कमांड तास आणि चाचण्या हातात राखून ठेवाव्यात, आणि त्या हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात येतील असं पाहावं.

लॉगबुकात आणखी एक गोष्ट तपासा. कमांडच्या शंभर तासांत किमान २० तास एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणाऱ्या उड्डाणांचे असतात, आणि त्यातलं एक उड्डाण निदान ३०० नॉटिकल मैलांचं, म्हणजे सुमारे ५५५ किलोमीटरचं, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून उतरलेलं. विमानतळांची नावं लॉगबुकात स्पष्ट लिहिलेली असावीत. याशिवाय रात्रीचे पाच तास आणि दहा उड्डाणं-दहा उतरणी लागतात.

राहिलं इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेरचं न पाहता फक्त उपकरणांवर विमान उडवण्याची परवानगी. लायसन्ससाठी उपकरणांवर उडण्याचे दहाच तास लागतात, रेटिंगला मात्र ४०. त्यातले जास्तीत जास्त २० सिम्युलेटरवर चालतात. उरलेल्यांत विद्यार्थ्याच्या डोळ्यांवर हूड असतो, बाहेरचं काही दिसत नाही, फक्त समोरचे काटे पाहून विमान सरळ ठेवायचं, वळवायचं आणि उतरायच्या रेषेवर आणायचं. शेजारी बसलेला इन्स्ट्रक्टर बाहेर पाहतो. रेटिंगसाठी कमांडखाली लांब पल्ल्याच्या उड्डाणांचे एकूण ५० तासही लागतात. ज्यांनी लायसन्सच्या २० तासांवरच हात आखडला, त्यांना नंतर ३० तास आणखी विकत घ्यावे लागतात. कमांडचे शंभर तास भरताना एकाच धावपट्टीभोवती घिरट्या घालण्याऐवजी अर्धे तास लांबच्या उड्डाणांत घातले तर तेच तास दोन्हीकडे मोजले जातात.

रेटिंगशिवाय लायसन्स मिळू शकतं, पण विमान कंपन्या रेटिंग मागतातच. म्हणून त्याची चाचणी त्याच हंगामात, लायसन्सच्या चाचण्यांना लागून घ्या. भाचीने दुसऱ्या खेपेला तसंच केलं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात डीजीसीएच्या eGCA या संकेतस्थळावर अर्ज भरला. भरण्याआधी मेडिकलची मुदतही पाहून घेतली, कारण चाळिशीच्या आतल्यांचा क्लास वन वर्षभर चालतो आणि तिचा पुढच्या महिन्यात संपणार होता.