नेफ्रोस्टॉमी नळी : घरातील देखभाल

नेफ्रोस्टॉमी नळी म्हणजे पाठीच्या बाजूने, शेवटच्या बरगडीच्या खालून थेट मूत्रपिंडात घातलेली बारीक लवचीक नळी. मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणारी मूत्रवाहिनी खडा, गाठ किंवा आकुंचनामुळे बंद झाली की लघवी मूत्रपिंडातच तुंबते. तिला बाहेर काढण्याचा हा आडमार्ग. रुग्णालयात या नळीला ‘पीसीएन’ म्हणतात, घरी बहुतेक जण नुसते ‘नळी’ म्हणतात. सुईने त्वचेतून मूत्रपिंडात शिरण्याची ही पद्धत अमेरिकन मूत्रविकारतज्ज्ञ विलर्ड गुडविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1955 मध्ये मांडली. पुढे सोनोग्राफी आल्यावर ती सोपी झाली. आज गर्भाशयमुखाच्या कर्करोगात दोन्ही मूत्रवाहिन्या दाबल्या गेलेल्या स्त्रिया, पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाचे रुग्ण आणि अडकलेल्या खड्याबरोबर पू झालेले रुग्ण अशी नळी घेऊन घरी येतात. काहींची नळी काही आठवड्यांनी निघते, काहींना ती महिनोन्‌महिने सांभाळावी लागते.

नळीची जाडी साधारण अडीच ते साडेतीन मिलिमीटर असते. तिचे आतले टोक डुकराच्या शेपटीसारखे वळलेले असते आणि त्या वेटोळ्यामुळे ती सहज निसटत नाही. बाहेर ती टाक्याने किंवा चिकटपट्टीने त्वचेला धरलेली असते. पुढे बहुधा तीन तोंडांचा छोटा कॉक, म्हणजे ‘थ्री-वे’, जोडनळी आणि शेवटी पिशवी. घरची सगळी काळजी याच वाटेवरची आहे. एक ध्यानात ठेवायचे : जिथे नळी शिरते ती जागा रुग्णाला स्वतःला दिसत नाही. आरशाने थोडे जमते, पण ड्रेसिंगला दुसरा माणूस लागतो आणि तोच माणूस नेहमी असला तर बदल त्याच्या लगेच लक्षात येतो.

लघवीचे मोजमाप

पिशवी मूत्रपिंडाच्या पातळीच्या खाली हवी, कारण लघवी उताराने वाहते. झोपताना ती पलंगाच्या कडेला टांगावी, उशाशी किंवा अंगावर ठेवू नये. अर्धी भरली की रिकामी करावी. भरलेल्या पिशवीचे ओझे नळीवर येते आणि ती ओढली जाते. रिकामी करताना खालचा कॉक उघडून लघवी मापाच्या भांड्यात घ्यावी, आकडा लिहावा आणि मगच ओतून द्यावी. पिशवीवरच्या खुणा अंदाजापुरत्याच असतात.

दोन नळ्या असतील तर उजवी-डावी वेगळी लिहायची. नैसर्गिक मार्गाने होणारी लघवीही वेगळ्या रकान्यात. हा तिसरा रकाना लोक सोडून देतात आणि तिथेच घोटाळा होतो. मूत्रवाहिनी पूर्ण बंद नसेल तर काही लघवी नळीला बगल देऊन खाली मूत्राशयात उतरते. मग पिशवीत कमी आली तरी बिघडलेले काही नसते. उलट मूत्रवाहिनी पूर्ण बंद असलेल्या माणसाला तो कमीपणा चालत नाही. म्हणून शेजारच्या पेशंटचा आकडा उपयोगाचा नाही, तुलना आपल्याच कालच्या आकड्याशी करायची. दुबळे मूत्रपिंड दिवसाला तीन-चारशे मिलिलिटरच देते, पण ते रोज तेवढे देत असेल तर ती त्याची चाल आहे.

दोन नळ्यांच्या वहीतून एक उपयुक्त गोष्ट कळते. दोन्ही बाजू एकदम कमी झाल्या, लघवी गडद पिवळी झाली, तर आधी पाणी कमी पडले का ते पाहावे : उलट्या, जुलाब, उन्हातला प्रवास, खाणे-पिणे सुटणे. एकच बाजू अचानक घटली तर संशय त्या बाजूच्या नळीवर. डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलेले नसेल तर दिवसाला दोन-अडीच लिटर द्रव घेतल्याने नळी वाहती राहते. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारात मात्र ही मर्यादा डॉक्टरच ठरवतात.

नळी घातल्यावर पहिले एक-दोन दिवस लघवी गुलाबी असते, मग निवळते. तुंबलेले मूत्रपिंड मोकळे झाल्यावर पहिल्या दिवसांत लघवीचा पूर येऊ शकतो. तेव्हा चक्कर, घशाला कोरड किंवा अशक्तपणा आला तर रुग्णालयाला कळवावे, कारण पाण्याबरोबर क्षारही वाहून जातात.

ड्रेसिंग

गॉजचे ड्रेसिंग दोन-तीन दिवसांनी आणि पारदर्शक चिकट ड्रेसिंग आठवड्याने बदलतात. ते भिजले, सुटले किंवा मळले तर दिवस न मोजता लगेच बदलावे. सामान आधीच मांडून घ्यावे. मध्येच उठून कपाट उघडले की धुतलेले हात वाया गेले. हात साबणाने धुवून, हातमोजे घालून एका हाताने नळी त्वचेजवळ धरावी आणि दुसऱ्याने जुनी पट्टी हळू सोडवावी. नळी निसटू शकते ती याच क्षणी, चिकटपट्टीबरोबर ओढली गेल्याने. पट्टी केसांना चिकटली असेल तर सलाईनने ओली करून काढावी.

मग जागा नीट पाहावी. थोडा लालसर रंग आणि कोरडी खपली चालते. वाढणारी लाली, सूज, पू, दुर्गंध किंवा टाका निघालेला दिसला तर कळवायचे. हातमोजे बदलून, हात पुन्हा स्वच्छ करून, सलाईनमध्ये किंवा रुग्णालयाने दिलेल्या जंतुनाशकात भिजवलेल्या निर्जंतुक गॉजने छिद्रापासून बाहेरच्या दिशेने पुसावे. बाहेर गेलेले गॉज परत आत आणायचे नाही. त्वचा पूर्ण कोरडी झाल्यावर चीर दिलेले गॉज नळीभोवती, वर एक साधे, आणि पट्टी. शेवटी नळीला सैलसर वळसा देऊन तो कुशीवर वेगळ्या पट्टीने चिकटवावा. झटका बसला तर तो वळशाला बसतो, टाक्याला नाही.

पहिल्या ड्रेसिंगच्या वेळी त्वचेलगत नळीवर पक्क्या शाईच्या पेनाने खूण करून घ्यावी, किंवा त्वचेपासून जोडापर्यंतचे अंतर मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहावे. पुढचे सगळे प्रश्न या खुणेवर सुटतात. अंघोळीसाठी ड्रेसिंगवर प्लास्टिक लावून ते कोरडे ठेवावे. नदी, विहीर, टब यांत उतरू नये.

नळी धुणे

प्रत्येक नळी धुवायची नसते. डॉक्टरांनी सांगितले असेल तरच, सांगितलेल्या वेळीच. सहसा 5 मिलिलिटर, फार तर 10, निर्जंतुक नॉर्मल सलाईन लागते. ते छोट्या कुपीतून किंवा नव्याने फोडलेल्या बाटलीतून घ्यावे. उघडी राहिलेली बाटली दुसऱ्या दिवशी वापरू नये, घरी मीठ घालून उकळलेले पाणी तर नाहीच.

थ्री-वेचा ‘ऑफ’चा दांडा ज्या तोंडाकडे वळलेला असतो ते तोंड बंद असते. धुताना तो पिशवीकडे वळवायचा, बाजूचे तोंड स्पिरिटच्या बोळ्याने पुसून वाळू द्यायचे, सिरिंज लावायची आणि सलाईन सावकाश आत सोडायचे. सिरिंजने मागे ओढू नये. मग दांडा सिरिंजच्या तोंडाकडे वळवून सिरिंज काढायची आणि टोपण लावायचे. आता मूत्रपिंड ते पिशवी वाट खुली होते. दांडा पिशवीकडेच विसरला तर नळी घरच्याच माणसाच्या हाताने बंद झालेली असते. घरून ‘ब्लॉक’ म्हणून येणाऱ्या घाबऱ्या फोनमागे कधी कधी एवढाच दांडा असतो.

आतली पोकळी लहान असते. जोर लावून सलाईन ढकलले तर दाब वाढून जंतू लघवीतून रक्तात शिरू शकतात आणि तासाभरात हुडहुडी भरते. म्हणून सलाईन अडले किंवा पाठीत दुखले की थांबायचे. जास्त जोराने ढकलून ‘साफ करणे’ हा उपाय नाही.

अडणे आणि निसटणे : एक उदाहरण

समजा, बार्शीजवळच्या गावातल्या पंचावन्न वर्षांच्या काकूंना दोन्ही बाजूंना नळ्या आहेत. वहीत रोज उजवीकडे साधारण 1100 आणि डावीकडे 600 मिलिलिटर येते, नैसर्गिक लघवी जवळजवळ नाही. एके दिवशी सकाळी सहा ते बारा उजवीकडे 280, पण डावीकडे फक्त 40. एरवी त्या वेळात डावीकडे दीडशे येते. डाव्या कुशीत जडपणा आहे, ताप नाही.

सून त्वचेपासून पिशवीपर्यंत बोटाने नळी तपासत जाते. खूण जागेवर, थ्री-वे बरोबर, पण परकराची नाडी नेमकी नळीवरून घट्ट बांधलेली आणि नळी तिथे दुमडलेली. नाडी सैल करताच दहा मिनिटांत 90 मिलिलिटर उतरते आणि जडपणा जातो. साडी-परकर, पंजाबी ड्रेसची नाडी, पुरुषांचा पट्टा, लुंगीची गाठ, सगळ्यांचा दाब कमरेच्या याच पट्ट्यावर येतो. नळीखालून किंवा बाजूने जाणारी बांधणी ठेवणे हा साधा उपाय.

तीन आठवड्यांनी पुन्हा डावी बाजू घटते, चार तासांत 20. या वेळी ड्रेसिंग लघवीने ओले आहे. दुमड नाही, दांडा बरोबर, पण सांगितल्याप्रमाणे 5 मिलिलिटर सोडायला गेल्यावर सलाईन जात नाही. संध्याकाळी थंडी वाजून 101 फॅरनहाइट ताप येतो. आता सकाळची वाट पाहायची नाही. बंद नळीमागे तुंबलेली लघवी आणि ताप एकत्र आले की हे त्याच रात्रीचे काम आहे. रुग्णालयात जुन्या नळीतून बारीक तार आत घालून तिच्यावरून नळी बदलतात. जुन्या नळीच्या टोकाशी क्षारांचा थर साचलेला दिसतो. हा थर प्रत्येक नळीत हळूहळू साचतोच, म्हणून साधारण दोन ते तीन महिन्यांनी नळी नियोजित बदलतात. ती तारीख चुकवली की असा प्रसंग जवळ येतो.

ओले ड्रेसिंग आणि घटलेली पिशवी एकत्र दिसले की दोनच शक्यता उरतात : नळी अडली किंवा सरकली. निवाडा खूण करते. खूण त्वचेपासून दोन सेंटिमीटर बाहेर आली, तर आतले वेटोळे जागेवर नाही. लघवी येत असली तरी त्या दिवशीच दाखवायचे. नळी तिथेच पट्टीने पक्की करायची, आत ढकलायची नाही, धुवायचीही नाही.

नळी पूर्ण निघून आली तर तीही परत घालायची नाही. छिद्रावर निर्जंतुक गॉज दाबून पट्टी लावावी, निघालेली नळी वेगळ्या पिशवीत घालून बरोबर घ्यावी आणि लगेच निघावे. त्वचेपासून मूत्रपिंडापर्यंतची वाट नळीविना काही तासांतच आकसू लागते. नळी नवी असेल, पहिल्या दोन-चार आठवड्यांतली, तर ती वाट अजून पक्की झालेली नसते आणि आणखी लवकर मिटते. वेळेत पोचले तर त्याच वाटेने नवी नळी जाऊ शकते, उशीर झाला तर पुन्हा सुई.

लाल भडक रक्त वाहणे, रक्ताच्या गाठी येणे किंवा निवळलेली लघवी अचानक लाल होणे हेही रात्रीबेरात्री दाखवण्याचे कारण. नुसती गढूळ लघवी मात्र वेगळी. नळीत जंतूंची वस्ती बहुधा असतेच, त्यामुळे ताप, थंडी, दुखणे नसताना केवळ गढूळपणासाठी प्रतिजैविक घेऊ नये. तपासणीचा नमुना द्यायचा झाला तर तो नळीतून ताजा घ्यायचा असतो, पिशवीत तासन्‌तास साठलेल्या लघवीतून नव्हे.