फोटोतल्या समोच्च रेषा: लोणारचं विवर डोंगरासारखं का दिसतं?

वहीत काढलेल्या स्थलनिर्देशक नकाशाच्या स्केचचा मोबाइलवर काढलेला फोटो समोर आहे, असं धरू. पांढऱ्या कागदावर एकात एक गेलेली नऊ वेडीवाकडी वर्तुळं. मधोमध मोठी मोकळी जागा, तिच्याभोवती दाटीवाटीने सात रेषा आणि त्यांच्या बाहेर अंतर राखून आणखी दोन. विचारलेलं असतं: हा डोंगर, दरी की तीव्र उतार?

सह्याद्रीत फिरलेला माणूस लगेच उत्तर देईल की हा सपाट माथ्याचा किल्ला. मधली मोकळी जागा म्हणजे पठार, दाट रेषा म्हणजे कडा आणि बाहेरच्या विरळ रेषा म्हणजे पायथ्याची उतरण. उत्तर अगदी पटण्यासारखं आहे. पण हे स्केच लोणारचं आहे. बुलढाणा जिल्ह्यात, दख्खनच्या बेसाल्टवर उल्का आदळून झालेलं हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे आणि काठापासून तळापर्यंत साधारण दीडशे मीटर खोल. जिथे किल्ल्याचा माथा दिसला, तिथे खाऱ्या पाण्याचं सरोवर आहे.

घोळ होतो तो रेषांमधल्या अंतराकडे नको तो प्रश्न टाकल्यामुळे. समोच्च रेषा म्हणजे समुद्रसपाटीपासून सारख्याच उंचीवर असलेल्या ठिकाणांना जोडणारी रेषा. शेजारच्या दोन रेषांमध्ये उंचीचा फरक ठरलेला असतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशांवर तो बहुधा २० मीटर असतो. म्हणजे रेषा जवळ आल्या की तेवढाच चढ कमी आडव्या अंतरात उरकलेला असतो आणि उतार तीव्र असतो. अंतरातून कळतं ते इतकंच. तो उतार आत जाताना चढतोय की उतरतोय, याचा अंतराला पत्ताच नसतो. त्यासाठी आकडे पाहावे लागतात.

आता स्केचवरचे आकडे वाचू. हिशेब सोपा व्हावा म्हणून मी ते गोल धरले आहेत. सर्वांत आतल्या, सरोवराकाठच्या रेषेवर ४८० आहे. तिथून बाहेर ५००, ५२०, ५४०, ५६०, ५८०, ६००. त्यानंतर पुन्हा ६०० आणि मग ५८०. आतल्या बाजूला आकडा कमी होतो, म्हणून हा खड्डा. सारखाच आकडा लागोपाठ दोनदा आला, ती जागा विशेष महत्त्वाची. दोन्ही बाजूंनी चढत ६०० पर्यंत आलो, म्हणजे त्या दोन रेषांमधली जमीन ६०० च्या वर आहे. पण ६२० ची रेषा काढलेली नाही, म्हणजे तिथवर ती पोचत नाही. विवराचा उचललेला काठ तो हाच.

फोटोत नेमके आकडेच फुटतात. ५ आणि ६, ३ आणि ८ एकसारखे दिसायला लागतात. अशा वेळी पाढा कामाला येतो: अंतर २० मीटरचं असेल तर प्रत्येक आकड्याला २० ने भाग जायलाच हवा. ‘५३०’ असं काही वाचलं तर ते ५८० असणार किंवा ५२०. शिवाय दर पाचवी रेषा जाड काढतात, इथे ५०० ची आणि ६०० ची. जाड रेषांवरून मोजणी सोपी होते, पण एक सापळा आहे. फक्त ‘६००’ एवढंच वाचता आलं आणि तिथून आत चार बारीक रेषांनंतर जाड रेषा लागली, तर ती ५०० ची असेल किंवा ७०० चीही. एकच आकडा दिशा सांगत नाही. दुसरा आकडा हवा, नाहीतर पाणी तरी हवं. रेषांच्या आत सरोवर दाखवलेलं असेल आणि काठावरून एखादा ओढा त्यात येऊन थांबत असेल, तर आतली बाजू खालची, हे नक्की. काही नकाशांत खोलगट भागाच्या रेषेला आतल्या बाजूने बारीक दातेही काढतात. मूळ कागदावर ते स्वच्छ दिसतात, पण जरा हललेल्या फोटोत सगळ्यांत आधी तेच पुसले जातात.

ओढ्याचा विषय निघालाच आहे तर ईशान्येकडे बघू. त्या बाजूला लोणारचा काठ धारेच्या पाण्याने कापला गेला आहे. तिथे घळ तयार झाली आहे. स्केचवर इतर ठिकाणी गोलाईत जाणाऱ्या रेषा इथे इंग्रजी व्ही अक्षरासारख्या बाहेर खेचल्या जातात. व्हीचं टोक जास्त आकड्यांकडे, म्हणजे काठाकडे आहे, म्हणून ही घळ, दरी. टोक कमी आकड्यांकडे असतं तर ती डोंगराची सोंड झाली असती. इथेही तेच: आकार दोन्हींचा सारखाच, निवाडा आकड्यांचा. आणि दरी ओळखताना रेषा किती जवळ आहेत याला काहीच महत्त्व नाही. व्ही दाट रेषांचाही असतो आणि विरळ रेषांचाही.

डोंगर नाही हे ठरलं, दरी सापडली. आता उतार किती तीव्र आहे ते पाहायचं, आणि इथे फोटोची खरी अडचण सुरू होते. कागदावर १:५०,००० म्हणजे दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. पण स्क्रीनवर दोन बोटांनी फोटो मोठा केला की हे प्रमाण तिथेच मोडतं. स्केचच्या कोपऱ्यात लिहिलेल्या १:५०,००० ला मग अर्थ राहत नाही. रेषेच्या रूपातलं प्रमाण, म्हणजे पट्टी किंवा एक किलोमीटरचे चौकोन, मात्र फोटोबरोबरच लहानमोठे होतात, म्हणून तेच वापरायचे.

तेवढ्यानेही भागत नाही. वही टेबलावर पडलेली आणि मोबाइल जरा तिरका धरलेला असला, तर लांबची बाजू आक्रसते. लोणारच्या वर्तुळाचा लंबगोल होतो आणि वरच्या, म्हणजे उत्तरेच्या भिंतीवरच्या रेषा दक्षिणेपेक्षा दाट दिसू लागतात. पाहणारा म्हणतो, उत्तरेचा उतार तीव्र. ती तीव्रता जमिनीची की फोटोची, हे चौकोन सांगतील.

एक उदाहरण घेऊ. स्क्रीनवर दक्षिणेला ४८० ते ६०० या रेषांमधलं अंतर ७ मिलिमीटर भरलं. उत्तरेला ते फक्त ४.४ मिलिमीटर आहे. आता त्याच ठिकाणच्या चौकोनांची उभी बाजू मोजू: दक्षिणेला २४ मिलिमीटर, उत्तरेला १५. दोन्ही चौकोन जमिनीवर एकेक किलोमीटरचेच. दक्षिणेला ७ भागिले २४, म्हणजे साधारण २९० मीटर. उत्तरेला ४.४ भागिले १५, तेही जवळपास २९० मीटरच. चढ दोन्हीकडे १२० मीटर. म्हणजे दर १०० मीटर आडव्या अंतराला सुमारे ४१ मीटर उतार, कोनात बोलायचं तर बावीस अंशांच्या आसपास. दोन्ही भिंती सारख्याच निघाल्या. दक्षिणेचाच चौकोन उत्तरेला लावला असता तर आडवं अंतर १८३ मीटर आलं असतं आणि उतार ३३ अंशांचा. चालणाऱ्याला हा फरक फार मोठा आहे. बावीस अंशांवर माणूस धापा टाकत का होईना, पायवाटेने जातो. तेहतीस अंशांवर घसाऱ्याची जमीन असेल तर हात टेकायला लागतात.

मोजताना चौकोनाची बाजूही त्याच दिशेची घ्यायची. तिरक्या फोटोत चौकोनाची रुंदी आणि उंची वेगवेगळ्या प्रमाणात दबतात, म्हणून उत्तर-दक्षिण अंतराला चौकोनाची आडवी बाजू लावली की पुन्हा गडबड. ईशान्येच्या घळीचंही तेच होतं. व्हीचं टोक लांबच्या बाजूला असल्याने तो चेपून पसरट दिसतो आणि खोल घळ उथळ वाटते.

स्कॅनच्या अॅपमध्ये चार कोपरे पकडून फोटो सरळ करता येतो आणि सपाट कागदासाठी ते चांगलं जमतं. फक्त काही अॅप्स फोटो ए-फोरच्या मापात ताणून बसवतात, म्हणून सरळ केल्यावर चौकोन खरंच चौकोनी राहिलेत का ते पाहावं. वहीच्या शिवणीजवळ पान वर उचललं गेलं असेल, तर कोपरे सरळ करूनही मधला भाग सुधारत नाही. तिथल्या रेषांवरून उताराचा आकडा काढूच नये.

आणखी एक गोष्ट फोटोमुळे नव्हे, रेषांच्या पद्धतीमुळेच हातची निसटते. आपण काढलेले बावीस अंश ही सगळ्या भिंतीची सरासरी आहे. लोणारच्या भिंतीत वर बेसाल्टचे थर उघडे पडले आहेत, तर खाली ढासळलेला दगडमातीचा भराव आहे. वरच्या रेषा जास्त दाट आणि खालच्या सुट्या असतील, तर काठाजवळचा उतार सरासरीपेक्षा बराच तीव्र आहे, असं समजावं. त्यातही एखादा १५ मीटरचा उभा कातळटप्पा ५४१ ते ५५६ च्या दरम्यान बसला, तर तो कुठल्याच रेषेत दिसणार नाही. सह्याद्रीत असे टप्पे जागोजागी आहेत आणि नकाशावर सोपी दिसणारी सोंड प्रत्यक्षात अडवते ती त्यांच्यामुळेच. दुसऱ्या टोकाला कोकणकड्यासारखा आत वळलेला कडा. तिथे खालची रेषा वरच्या रेषेच्या पोटाखाली जायला हवी, म्हणून नकाशाकार रेषांचा नाद सोडून कड्याची खूण काढतो. अशी खूण नसताना स्केचमध्ये दोन रेषा एकमेकींना छेदत असतील, तर बहुधा काढणाऱ्याचा हात चुकला आहे किंवा फोटोत दोन रेषा एकीत मिसळल्या आहेत.

लोणारच्या काठाचंही असंच होऊ शकतं. तो भोवतालच्या जमिनीपेक्षा साधारण वीसेक मीटरच उंच आहे. आपल्या स्केचमध्ये बाहेर ५८० आणि ६०० या दोन रेषा सापडल्या, कारण आकडे सोयीचे होते. बाहेरची जमीन ५८३ वर आणि काठ ५९८ वर असता, तर बाहेरच्या बाजूला एकही रेषा आली नसती. मग नकाशावर दिसलं असतं सपाट माळात पडलेलं एक भोक, आणि काठ उचललेला आहे हे कळायला रेषांच्या मधोमध टिंबाशेजारी लिहिलेले सुटे उंचीचे आकडे शोधावे लागले असते.