स्क्रीनवरचा भाव आणि तुम्हाला मिळणारा भाव, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

ॲपमध्ये शेअरच्या नावापुढे मोठ्या अक्षरात जो आकडा दिसतो ना, त्याला आपण सगळे सरळ "भाव" म्हणतो आणि धरून चालतो की आपण विकायला गेलो की तेवढेच हातात पडणार. पण तो आकडा म्हणजे एलटीपी, शेवटचा झालेला सौदा, म्हणजे कोणीतरी दोघांनी आधी केव्हातरी, दोन सेकंदांपूर्वी नाहीतर वीस मिनिटांपूर्वी, आपसात जो भाव मान्य केला तो. आणि तुम्हाला जे मिळणार ते ठरतं ऑर्डर बुकवरून, म्हणजे आत्ता या क्षणी कोण किती शेअर किती रुपयांना घ्यायला तयार बसलंय त्यावरून. पहिला आकडा झालेल्या गोष्टीचा आणि दुसरा अजून व्हायच्या गोष्टीचा, पण ॲपवाल्यांनी पहिला एवढा मोठा छापलाय की दुसरा कोणी बघतच नाही.

शेजारच्या सोसायटीत गेल्या महिन्यात फ्लॅट पन्नास लाखाला गेला, म्हणून तुमच्या फ्लॅटला आज पन्नास लाख देणारा माणूस दारात उभा आहे असं होत नाही, तसंच हे. मोठ्या कंपन्यांच्या शेअरमध्ये हा फरक जाणवतच नाही कारण तिथे सेकंदाला ढीगभर सौदे होतात आणि घेणारा-विकणारा यांच्यात पाच-दहा पैशांचं अंतर असतं. खरी गंमत छोट्या, कमी चालणाऱ्या शेअरमध्ये होते.

आमचे एक मामा आहेत, बडोद्याच्या दांडिया बाजारात राहतात, त्यांच्याकडे एका छोट्या कंपनीचे ६०० शेअर पडून होते. स्क्रीनवर भाव १४२. मामांनी मनात हिशेब केला, ६०० गुणिले १४२ म्हणजे ८५,२०० रुपये, आणि मार्केट ऑर्डर टाकून दिली. आले ८२,७६०, तेही ब्रोकरेज आणि टॅक्स धरायच्या आधी. लगेच फोन, "अरे, मधले अडीच हजार ब्रोकरनं खाल्ले का काय?" नाही मामा, कोणीच खाल्ले नाहीत. त्या वेळी बुक असं होतं: घेणाऱ्यांच्या बाजूला सगळ्यात वर १४०.५० ला ८० शेअर, त्याखाली १३९.८० ला १५०, मग १३८ ला २००, आणि त्याखाली १३५ ला ५००. विकणाऱ्यांच्या बाजूला सगळ्यात स्वस्त १४२ ला ६० शेअर, मग १४२.४० ला १२०.

आता नीट बघा, १४२ ला घ्यायला कोणीच बसलेलं नाही. १४२ हा विकणाऱ्याचा भाव आहे, कोणीतरी आधी तिथे जाऊन थोडे शेअर घेतले म्हणून शेवटचा सौदा १४२ चा दिसतोय. मामांच्या ऑर्डरचा अर्थ होता "जो मिळेल तो भाव, पण आत्ताच्या आत्ता विका", मग एक्सचेंजच्या कॉम्प्युटरनं तेच केलं: पहिले ८० गेले १४०.५० ला, पुढचे १५० गेले १३९.८० ला, २०० गेले १३८ ला, आणि उरलेले १७० गेले १३५ ला. सगळ्याची बेरीज ८२,७६० रुपये, म्हणजे शेअरमागे सरासरी १३७ रुपये ९३ पैसे. मामा एकेक पायरी स्वतःच उतरत गेले.

जोड्या लावण्याचा नियम अगदी सरळ आहे, आधी भाव आणि मग वेळ. जो जास्त भाव देतोय त्याचा नंबर आधी, आणि एकाच भावाला दोघं असतील तर ज्याची ऑर्डर आधी आली त्याचा आधी. १३९.८० ला जे १५० दिसत होते ते कदाचित तिघांचे मिळून असतील, तर सगळ्यात आधी आलेल्याला पहिले मिळतात. तिथे ओळख नाही की वशिला नाही, आणि समोर कोण आहे हे कोणाला दिसतही नाही. एक बारीक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, लाइनीत बसलेल्या ऑर्डरचा भाव बदलला किंवा क्वांटिटी वाढवली की तुमचा जुना नंबर जातो आणि परत मागे उभं राहावं लागतं, क्वांटिटी कमी केली तर नंबर टिकतो. म्हणून काही लोक दर मिनिटाला ऑर्डर मॉडिफाय करत बसतात आणि मग म्हणतात माझी ऑर्डर का लागत नाही!

दुसरा नियम याहून कमी लोकांना माहीत असतो. सौदा होतो तो बुकात आधीपासून बसलेल्या ऑर्डरच्या भावाला. समजा मामांनी मार्केटऐवजी १३६ ची लिमिट लावून ८० शेअर विकायला टाकले असते, तर सौदा १३६ ला झाला नसता, १४०.५० लाच झाला असता, कारण तो घेणारा आधीच १४०.५० बोलून बसलाय. लिमिट म्हणजे "याच भावाला" असं नाही, लिमिट म्हणजे "यापेक्षा वाईट नको". हे कळलं की लिमिट ऑर्डरची अर्धी भीती जाते.

पूर्वी हे सगळं माणसं ओरडून करायची. बडोद्याचं स्वतःचं स्टॉक एक्सचेंज होतं, २०१५ साली ते कायमचं बंद झालं, आणि खरं तर १९९४ ला एनएसईनं स्क्रीनवरचं ट्रेडिंग सुरू केल्यावर अशा गावोगावच्या एक्सचेंजांचं काम हळूहळू संपतच गेलं. आता रावपुऱ्यात बसून टाकलेली ऑर्डर मुंबईच्या मशीनमध्ये जाऊन लाइनीत उभी राहते. एनएसई आणि बीएसई यांची बुकं मात्र अजूनही वेगवेगळी आहेत, म्हणून एकाच कंपनीचा भाव दोन्हीकडे थोडा वेगळा दिसतो, त्यात कोणाचाही घोळ नाही.

परत मामांच्या सौद्याकडे येऊ, कारण खरा मजेशीर भाग पुढे आहे. त्यांचे शेवटचे १७० शेअर १३५ ला गेले म्हणून स्क्रीनवर शेवटचा सौदा १३५ दिसायला लागला. म्हणजे सगळ्यांच्या ॲपमध्ये शेअर सात रुपयांनी पडला, लाल झाला. कंपनीत काही झालं का? काहीच नाही. समजा कंपनीचे एकूण एक कोटी शेअर आहेत, तर मार्केट कॅप १४२ कोटीचं १३५ कोटी झालं, सात कोटी "बुडाले", आणि हे कशामुळे तर मामांनी ८२,७६० रुपयांचे शेअर विकले म्हणून. ते सात कोटी कोणाच्या खिशातून गेले नाहीत आणि कोणाच्या खिशात आलेही नाहीत. पाच मिनिटांनी कोणीतरी फक्त एक शेअर १४२ ला उचलला, कारण विकणाऱ्यांच्या बाजूला सगळ्यात स्वस्त अजूनही १४२ च होता, आणि भाव परत १४२. सात कोटी परत आले म्हणायचं, एका शेअरवर!

म्हणूनच "गुंतवणूकदारांचे इतके लाख कोटी बुडाले" अशी बातमी वाचली की माझा जरा संताप होतो. मार्केट कॅप म्हणजे शेवटच्या छोट्याशा सौद्याचा भाव घेऊन तो सगळ्या शेअरना लावणं, त्यातले बहुतेक शेअर त्या दिवशी बाजारात आलेलेही नसतात. तो आकडा निरुपयोगी नाही, पण सगळ्यांनी एकदम विकायचं ठरवलं तर त्या भावानं सगळ्यांना पैसे मिळणार नाहीत हेही तितकंच खरं.

असंच दुसरं एक वाक्य आमच्याकडे चहाच्या टपरीवर रोज ऐकू येतं, "आज बायर जास्त होते म्हणून शेअर वाढला". अहो, प्रत्येक सौद्यात जितके शेअर विकले जातात तितकेच घेतले जातात, मग घेतलेले जास्त कसे होतील? फरक घाईचा असतो. घेणाऱ्याला घाई असेल तर तो विकणाऱ्याच्या भावापर्यंत चढत जातो आणि भाव वर सरकतो, विकणाऱ्याला घाई असेल तर मामांसारखं उतरत जावं लागतं. भाव हलतो तो घाई करणाऱ्याच्या बाजूनं. कधी असंही होतं की चांगली बातमी आली आणि विकणाऱ्यांनी आपापल्या ऑर्डर काढून घेऊन वर नेऊन ठेवल्या, मग अगदी थोड्या सौद्यातच भाव पार वर जातो.

याचं टोक म्हणजे सर्किट. शेअर लोअर सर्किटला लागला, म्हणजे एक्सचेंजनं त्या दिवसापुरत्या ठरवलेल्या सगळ्यात खालच्या भावाला पोचला, की स्क्रीनवर भाव व्यवस्थित दिसत असतो, पोर्टफोलिओमध्ये तुमचे पैसेही दिसतात, आणि घेणाऱ्यांची बाजू बघितली तर शून्य. विकणाऱ्यांची हजारो शेअरची लाइन आणि समोर कोणी नाही. त्या वेळी एलटीपी हा नुसता आकडा असतो, त्या भावाला तुम्ही विकू शकत नाही आणि त्याखाली विकायची त्या दिवशी परवानगी नाही.

मग विकायच्या आधी बघायचं काय? ॲपमध्ये मार्केट डेप्थ नावाचा भाग असतो, दोन्ही बाजूंचे वरचे पाच-पाच भाव, क्वांटिटी आणि ऑर्डरची संख्या दिसते. घेणाऱ्यांच्या बाजूनं वरून खाली मोजत जा, तुमची क्वांटिटी कुठे पुरी होते ते बघा, तो तुमचा शेवटचा भाव. सगळ्या पायऱ्या धरून सरासरी काढली की तुमचा खरा भाव. यातही एक मर्यादा आहे, मोठे लोक आपली पूर्ण क्वांटिटी दाखवत नाहीत, ऑर्डरचा थोडाच भाग उघडा ठेवतात, त्यामुळे डेप्थमध्ये दिसतं त्यापेक्षा जास्त शेअर तिथे असू शकतात. शिवाय दिसणारी ऑर्डर तुम्ही बटण दाबेपर्यंत कोणी काढूनही घेऊ शकतं.

मामांनी १३९.५० ची लिमिट लावून ६०० टाकले असते तर लगेच २३० गेले असते, सरासरी १४० रुपये ४ पैशांनी, आणि बाकीचे ३७० बुकात विकणाऱ्यांच्या बाजूला सगळ्यात वर जाऊन बसले असते, कारण १३९.५० म्हणजे त्या क्षणी सगळ्यात स्वस्त विकणारे मामाच. पुढचा जो कोणी घ्यायला आला असता त्याला आधी मामांचेच शेअर मिळाले असते, आणि दिवसभरात कोणी आलंच नाही तर साडेतीनला बाजार बंद झाल्यावर ती उरलेली ऑर्डर आपोआप रद्द होऊन शेअर मामांकडेच राहिले असते. पण मामांना त्याच दिवशी पैसे मोकळे करायचे होते, आणि तशी घाई असेल तर मार्केट ऑर्डर चूक म्हणता येत नाही, ते २,४४० रुपये त्या घाईची किंमत होती एवढंच.