ॲसिडिटीची गोळी नेमकी कुठे काम करते

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या औषधाच्या दुकानात सकाळी दहाच्या सुमारास एक काका आले. गुडघेदुखीसाठी ते रोज डायक्लोफेनॅक घेत, त्याने पोट जळू लागलं की घरातला खाण्याचा सोडा अर्धा चमचा पाण्यात ढवळून पीत, आणि शेजाऱ्यांनी सुचवलेली पॅन्टोप्राझोलची गोळी रात्री जेवणानंतर, "जळजळलं तर" घेत. पाय सुजलेत, ब्लडप्रेशर वाढलंय, जळजळ तर थांबतच नाही, असं म्हणाले. त्यांच्या लेखी सोडा आणि ती गोळी ही दोन्ही 'ॲसिडिटीची औषधं' होती. प्रत्यक्षात त्या दोन औषधांच्या मध्ये जवळपास दीड शतकाचं रसायनशास्त्र आहे आणि त्यांची काम करण्याची जागाही वेगवेगळी आहे.

जठरात असतं ते साधं हायड्रोक्लोरिक आम्ल, हे विल्यम प्राउट या इंग्रज वैद्याने 1820च्या दशकात दाखवून दिलं. मग आम्लावर अल्कली हा उपाय ओघानेच आला. 1829मध्ये आयर्लंडच्या जेम्स मरे यांनी मॅग्नेशियाचं द्रव औषध केलं, आणि 1873मध्ये अमेरिकेतल्या चार्ल्स फिलिप्स यांनी त्याचं दुधासारखं पांढरं रूप बाजारात आणलं. बडोद्यात कलाभवनाचे प्रा. त्रिभुवनदास गज्जर, कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन यांनी 1907मध्ये अलेंबिक या औषध कंपनीचा पाया घातला, तेव्हा कारखान्यात अर्क आणि अल्कोहोल बनत होतं. त्या काळी जगात कुठेही पोटातल्या आम्लावर उपाय म्हणजे मुख्यतः सोडा, खडू आणि मॅग्नेशिया.

सोड्याचं काम एका ओळीत मांडता येतं:

NaHCO3 + HCl → NaCl + H2O + CO2

आता काकांचा अर्धा चमचा घेऊ. तो साधारण अडीच ग्रॅम भरतो. त्या सगळ्याला पुरेल इतकं आम्ल पोटात असेल तर पाऊण लिटरच्या आसपास वायू सुटतो, म्हणून ढेकर येतात आणि बरं वाटतं. भरल्या पोटी असा सोडा घेतल्याने जठर फाटल्याच्याही नोंदी आहेत, अगदी विरळा असल्या तरी. आम्ल कमी असेल तर उरलेला सोडा आतड्यातून रक्तात जातो. सोडियम मात्र दोन्ही वेळा शरीरातच येतं, सुमारे 680 मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला 2 ग्रॅमच्या आत ठेवायला सांगितलेल्या सोडियमचा हा तिसरा हिस्सा झाला. काका दिवसातून तीनदा सोडा घेत होते. जेवणातल्या मिठाचा एक कणही धरला नाही, तरी त्यांचा दिवसाचा सगळा वाटा सोड्यातच संपत होता.

मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम यांची हायड्रॉक्साइडं याहून समंजस आहेत. ती पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, आम्लाशी गाठ पडेल तेवढीच झिजतात आणि वायू सोडत नाहीत. मॅग्नेशियमने जुलाब होतात, ॲल्युमिनियमने बद्धकोष्ठ होतं, म्हणून बाटलीत दोन्ही एकत्र घालतात. आपल्याकडच्या गुलाबी-पांढऱ्या सिरपांची लेबलं वाचा, ही जोडी सापडेलच. खरी अँटॅसिड हीच: आम्ल तयार झाल्यावर ते मारणारी. रिकाम्या पोटी अर्ध्या तासात ती पुढे सरकून जातात, आणि आम्ल बनवणाऱ्या पेशींना त्यांचा पत्ताही लागत नाही.

मग आम्ल बनतानाच का थांबवू नये? हिस्टामिन या शरीरातल्याच निरोप पोचवणाऱ्या रसायनामुळे जठरात आम्ल वाढतं हे 1920मध्ये कळलं होतं. सर्दी-खाजेवरच्या अँटिहिस्टामिन गोळ्या पुढे आल्या, पण त्यांनी जठरावर काहीच परिणाम होईना. ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी त्यातून अंदाज बांधला की जठरातलं हिस्टामिनचं कुलूप वेगळं असलं पाहिजे. हिस्टामिनच्याच रेणूत थोडे थोडे फेरफार करत 1964पासून त्यांचा गट शेकडो पदार्थ तपासत राहिला. एक चांगला निघाला, पण तो काही रुग्णांच्या पांढऱ्या पेशी कमी करू लागला, तेव्हा त्याच्यातला गंधक असलेला भाग बदलावा लागला. त्यातून 1976मध्ये ते कुलूप अडवणारं सिमेटिडिन आलं. त्याचं भावंड रॅनिटिडिन आपल्या घराघरांत पोचलं. पुढे त्यात एनडीएमए ही कर्करोगाशी जोडलेली अशुद्धी सापडली, आणि 2022मध्ये ते भारताच्या आवश्यक औषधांच्या यादीतून निघालं.

पण हिस्टामिन हा एकच निरोप्या नाही. जेवणाच्या वासाने, चवीने मज्जातंतूही त्याच पेशींना जागं करतात. सगळे निरोप शेवटी एकाच ठिकाणी पोचतात: पेशीच्या कडेवरचा पंप, जो हायड्रोजनचा आयन बाहेर ढकलतो आणि बदल्यात पोटॅशियम आत घेतो. 1988मध्ये आलेलं ओमेप्राझोल या पंपावर बसतं. पॅन्टोप्राझोल त्याच घरातलं.

त्याची रीत मला आजही विलक्षण वाटते. ही गोळी स्वतः निष्क्रिय असते, आणि जठरातलं आम्ल तिला नासवतं, म्हणून तिच्यावर आम्लाला न जुमानणारं आवरण असतं. ती आतड्यात विरघळते, रक्तातून फिरून पुन्हा जठराच्या पेशींपाशी येते आणि पंप चालू असलेल्या आंबट पोकळीत शिरते. तिथे तिला हायड्रोजन चिकटतो, आणि प्रभारामुळे ती परत बाहेर पडू शकत नाही. तिथेच तिचं रूप बदलतं आणि पंपाच्या प्रथिनातल्या गंधकाशी तिचा पक्का बंध होतो. तो पंप कायमचा बंद. पेशीने नवा बनवेपर्यंत तिथून आम्ल नाही.

म्हणजे पंप चालू व्हायच्या वेळी औषध रक्तात हजर हवं. म्हणून नाश्त्याआधी अर्धा तास. रात्री जेवणानंतर, तेही जळजळलं तरच, घेतलेली गोळी बहुतेक पंप पुन्हा निजल्यावर पोचते, आणि रक्तात ती तास-दोन तासांत निम्मी होते. एका गोळीत सगळे पंप सापडत नाहीत, पूर्ण परिणामाला तीन-चार दिवस लागतात. गोळी चुरडून घेतली तर आवरण जातं आणि औषधही जातं.

राहिली वेदनेची गोळी, आणि काकांच्या दुखण्याचं मूळ तिथेच होतं. ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी 1971मध्ये दाखवलं की ॲस्पिरिनसारखी औषधं शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन बनू देत नाहीत. गुडघ्यात प्रोस्टाग्लँडिन कमी झालं की वेदना घटते. पण जठरात तेच प्रोस्टाग्लँडिन अस्तरावर श्लेष्म्याचा थर आणि त्याखाली बायकार्बोनेट राखतं, म्हणजे पोटाचा स्वतःचा सोडा. डायक्लोफेनॅक रक्तामार्गे जठरात पोचून तो काढून घेतं, त्यामुळे तेच औषध इंजेक्शनने दिलं तरी जठर उघडं पडतं. वरून चमच्याने सोडा ओतून तो थर परत येत नाही. शिवाय हे औषध मूत्रपिंडात मीठ-पाणी अडवतं. त्यात रोजच्या सोड्याचं सोडियम मिसळलं की पाय सुजणारच.

मी काकांना एकच प्रश्न विचारला, शौचाला डांबरासारखं काळं, चिकट होतं का? जठरात रक्त झिरपलं की आम्लाने ते तसं काळवंडतं. "नाही," म्हणाले. तरी त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी डायक्लोफेनॅक बंद केलं, दुखण्याला पॅरासिटामॉल दिलं, पॅन्टोप्राझोल सकाळी चहाच्याही आधी घ्यायला सांगितलं आणि सोड्याची बरणी स्वयंपाकघरात परत ठेवायला लावली. तीन आठवड्यांनी ते चिठ्ठी घेऊन आले तेव्हा चपलेचा पट्टा नेहमीच्या भोकात लागत होता.