8085 किटमध्ये रॉम आणि रॅम कुठे बसतात: जोडणीआधी हे वाचा

"बोर्ड चालू होतो, डिस्प्लेवर अक्षरं येतात, पण रॅममध्ये टाकलेलं काही राहतच नाही" असा फोन आला की आम्ही पहिलं विचारतो, डीकोडरच्या तीन वायरी नीट तपासल्यात का? आपल्या किटमध्ये ही जोडणी तुम्ही स्वतः करता, म्हणून हे पत्रक सोबत देतोय.

8085 ला 16 अ‍ॅड्रेस लाइन्स आहेत, म्हणजे 65,536 खोल्यांची एक मोठी चाळच समजा, 0000H पासून FFFFH पर्यंत नंबर टाकलेली. किटमधली 2764 रॉम आणि 6264 रॅम दोन्ही 8 के च्या, म्हणजे प्रत्येकीत 8192 खोल्या, आणि तेवढ्यातली एक शोधायला 13 लाइन्स पुरतात, A0 ते A12. या दोन्ही चिपना सारख्याच जातात (A0 ते A7 मात्र 373 लॅचमधून, कारण प्रोसेसर त्याच पिनांवर नंतर डेटा सोडतो). उरल्या वरच्या तीन, A13, A14, A15. त्यांच्यावरून चाळीचे आठ मजले पडतात, आणि कोणत्या मजल्याचं दार उघडायचं ते 74LS138 ठरवतो. एका वेळी त्याचं एकच आउटपुट खाली येतं, बाकी सात वर राहतात. हे महत्त्वाचं आहे कारण दोन्ही चिपचे डेटा पिन एकाच बसवर आहेत, दोघी एकदम बोलल्या तर वाचलेला बाइट कचरा होतो आणि चिपही तापतात.

रीसेटनंतर 8085 पहिली सूचना 0000H वरूनच उचलतो, म्हणून रॉम तळमजल्यावरच हवी, तिथे पर्याय नाही. Y0 हा रॉमच्या पिन 20 ला द्या, तिची जागा 0000H ते 1FFFH. रॅम कुठेही चालली असती, आम्ही Y4 वर घेतलीये, 8000H ते 9FFFH, मधली जागा पुढे आणखी चिप लावायला मोकळी राहते. RD दोन्ही चिपच्या पिन 22 ला, WR फक्त रॅमच्या पिन 27 ला. रॉमचा पिन 27 आणि पिन 1 दोन्ही +5V ला. रॅमचा पिन 26 सुद्धा +5V ला बांधायचा, तो लोंबकळत राहिला तर रॅम कधी चालते कधी नाही, नुसतं बोट लावलं तरी वागणं बदलतं आणि माणूस दिवसभर प्रोग्रॅममध्येच चूक शोधत बसतो.

आता IO/M ची लाइन, ही वायर कृपया गाळू नका. ती 138 च्या पिन 4 ला जाते (पिन 5 ग्राउंडला, पिन 6 +5V ला), म्हणजे प्रोसेसर पोर्टशी बोलत असताना डीकोडर गप्प बसतो. 8085 पोर्टचा नंबर अ‍ॅड्रेसच्या दोन्ही अर्ध्या भागांवर टाकतो, त्यामुळे ही वायर न लावता OUT 80H दिलंत तर अ‍ॅड्रेस 8080H दिसतो, WR खाली जातो आणि रॅममधला 8080H चा बाइट गुपचूप बदलतो. प्रोग्रॅम बरोबर, डेटा मात्र चुकलेला.

काहीजण 138 वाचवायला नुसत्या A15 वर भागवतात, शून्य असेल तर रॉम, एक असेल तर रॅम. चालतं ते, पण A13, A14 कुणी बघतच नाही, म्हणून तीच रॅम 8000H, A000H, C000H, E000H अशी चार ठिकाणी दिसते. तुमच्याकडे असं झालंय का ते बघायला हे चालवा:

```
MVI A,55H
STA 8000H
MVI A,0AAH
STA 0A000H
LDA 8000H
HLT
```

शेवटी अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये 55 असेल तर ठीक, AA आलं तर दोन पत्ते एकाच खोलीचे आहेत. अशा बोर्डवर लिहिलेला जुना प्रोग्रॅम स्टॅक FFFFH ला ठेवत असेल तर तिथे तो चालायचा, पण आपल्या किटवर तिथे चिपच नाही, CALL जाईल आणि RET भलतीकडेच परतेल. इथे LXI SP,0A000H द्या, PUSH आधी एक कमी करून लिहितो म्हणून पहिला बाइट 9FFFH ला, रॅमच्या शेवटच्या खोलीत बसतो.

आणि 55 ही नाही, AA ही नाही, भलतंच काहीतरी आलं तर? प्रोग्रॅम तसाच ठेवून 8000H ऐवजी 2000H आणि A000H ऐवजी 4000H घाला. आता 55 आलं तर A13 आणि A15 च्या वायरी 138 वर अदलाबदल झाल्यात. तिन्ही शून्य असताना अदलाबदलीने काही फरक पडत नाही, म्हणून रॉम व्यवस्थित चालते आणि डिस्प्लेही उजळतो, रॅम मात्र Y4 वरच असूनही 2000H ला जाऊन बसलेली असते. A13 पिन 1 ला, A14 पिन 2 ला, A15 पिन 3 ला, पॉवर काढून मल्टीमीटरच्या बीपने एकदा बघून घ्या.