चलनावरचं ‘वेस्टेज’: भंगार की घट?

आपला कच्चा माल बाहेरच्या कारखान्यात पाठवून मजुरीवर काम करून घेतलं की ते जॉबवर्क, आणि मालासोबत जाणारा-येणारा कागद म्हणजे चलन. जॉबवर्कहून परत आलेलं चलन स्टॉकमध्ये चढवताना ‘वेस्टेज’ हा रकाना सर्वांत जास्त फसवतो. त्या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी लिहिल्या जातात. एक भंगार, म्हणजे लेथवरच्या टर्निंगचा चुरा, बारचे उरलेले तुकडे. त्याला वजन असतं, किंमत असते आणि ते कोणाच्या तरी आवारात पडलेलं असतं. दुसरी घट. ती कुठेच पडलेली नसते. जमिनीवर सांडलेलं, झाडून गेलेलं, दोन काट्यांच्या तोलात हरवलेलं असं सगळं त्यात येतं. भंगार हा माल आहे, घट हा खर्च आहे. चलन लिहिणाऱ्याला मात्र हा फरक करण्याची गरज वाटत नाही, कारण त्याच्या दृष्टीने तयार नगात न गेलेलं सगळंच वेस्टेज.

एक चलन घेऊ. आपण ५०० किलो ईएन८ पोलादाचा गोल बार टर्निंगसाठी पाठवला. परतीच्या चलनावर असं आहे: तयार नग २,०००, वजन ३२० किलो. वेस्टेज १२० किलो. शिल्लक ६० किलो. त्याखाली वेगळ्या ओळीत, बहुतेकदा दुसऱ्या अक्षरात, ‘स्क्रॅप परत ११४ किलो’. मजुरी नगाला ६ रुपये.

डेटा एंट्री करणाऱ्याने प्रत्येक आकडा दिसेल तसा त्या-त्या रकान्यात टाकला, तर ३२०, १२०, ११४ आणि ६० मिळून ६१४ होतात. पाठवले ५०० आणि हिशेब लागला ६१४ चा. ही चूक निदान ओरडून तरी सांगते. खरी धोक्याची चूक याच्या उलट आहे. स्क्रॅपची ओळ खाली कोपऱ्यात आहे म्हणून ती सोडून दिली, तर ३२० अधिक १२० अधिक ६० बरोबर ५००. ताळा जुळला, सगळे खूश. पण ११४ किलो भंगार दारात उतरलं आणि वहीत आलंच नाही. पुढे ते विकलं गेलं, तर स्टॉकमध्ये नसलेला माल विकल्यासारखं दिसेल. नाही विकलं गेलं, तर ते गेलं कुठे हे विचारायलाही वहीत जागा नाही.

म्हणून ताळा एकदा नाही, दोन प्रकारे करून पाहायचा:

```
A: पाठवले = नग + वेस्टेज + शिल्लक
B: पाठवले = नग + वेस्टेज + स्क्रॅप + शिल्लक
```

A जुळला तर ‘वेस्टेज’ हा एकूण आकडा आहे आणि स्क्रॅप त्याच्या पोटात आहे. मग घट म्हणजे १२० वजा ११४, फक्त ६ किलो. B जुळला तर लिहिणाऱ्याने ‘वेस्टेज’ म्हणजेच घट लिहिली आहे आणि स्क्रॅप वेगळं धरलं आहे. आपल्या चलनात A जुळतो. दुसऱ्या एखाद्या जॉबवर्करच्या चलनावर याच कामासाठी ‘वेस्टेज ६, स्क्रॅप ११४’ असं असेल, तिथे B जुळेल. वहीत दोन्हींची नोंद सारखीच व्हायला हवी: नग ३२०, भंगार ११४, घट ६, शिल्लक ६०. एकदा कळलं की अमुक जॉबवर्कर कसं लिहितो, ते त्याच्या नावापुढे टिपून ठेवावं. माणसं आपली लिहिण्याची पद्धत सहसा बदलत नाहीत. क्लार्क बदलला की मात्र बदलते.

A जुळला आणि स्क्रॅपची ओळच नाही, तेव्हा मी रकाना शून्याने भरत नाही, रिकामा ठेवतो. शून्य म्हणजे भंगार आलं नाही. रिकामा म्हणजे विचारायचं बाकी आहे. असं बरेचदा घडतं, कारण भंगार जॉबवर्करने ठेवून घेतलेलं असतं आणि त्या बदल्यात मजुरी कमी लावलेली असते, समजा ६ ऐवजी साडेचार रुपये. ते ११४ किलो मग परतही आलेले नाहीत आणि घटही झालेले नाहीत. त्यांना तिसरी नोंद हवी, ‘जॉबवर्करकडे भंगार’. सीजीएसटी कायद्याच्या कलम १४३ नुसार जॉबवर्कर नोंदणीकृत असेल तर तो हे भंगार कर भरून थेट विकू शकतो. नसेल तर ती विक्री माल पाठवणाऱ्याने दाखवायची असते. जॉबवर्कला गेलेल्या-आलेल्या मालाचा हिशेब जीएसटी खात्याला ज्यात द्यायचा, त्या आयटीसी-०४ फॉर्ममध्ये घट आणि वेस्ट यांचा रकाना एकत्रच आहे. त्यामुळे फॉर्मकडे पाहून वही मांडली तर दोन्ही पुन्हा एकाच पोत्यात जातात. वहीत वेगळं ठेवा, फॉर्म भरताना बेरीज करा.

आता हे आकडे खरे की कागदावर बनवलेले? नगाचं कच्चं वजन २२० ग्रॅम आणि तयार वजन १६० ग्रॅम असेल, तर २,००० नगांना ४४० किलो बार लागतो आणि ६० ग्रॅमच्या फरकाने १२० किलो निघतात. म्हणजे चलनावरचे १२० हे तोललेले नाहीत, गुणाकाराने आलेले आहेत. त्यात वाईट काही नाही, पण ओळखता यायला हवं. भंगारही नेमकं १२० किलो लिहिलं असेल आणि घट शून्य, तर ते भंगार बहुधा काट्यावर चढलेलंच नाही; कोणीतरी वजाबाकी करून लिहिलं आहे. अशा वेळी काटापावती मागावी. आणि उलटही होतं: कूलंटमध्ये भिजलेला चुरा जड भरतो, मग घट वजा चिन्हात जाते. तिथे आकडा दुरुस्त करत बसू नये. चुरा ओला होता अशी टीप टाकावी आणि निथळल्यावर पुन्हा तोलावा.

पैशांच्या रकान्यातही हाच गोंधळ लहान प्रमाणात होतो. सीजीएसटीच्या नियम ५५ प्रमाणे चलनावर मालाचं मूल्य लिहिलेलं असतं. ती मजुरी नव्हे. मजुरी २,००० नगांची १२,००० रुपये, आणि तीसुद्धा पक्की होते जॉबवर्करच्या बिलावरून. चलनावरचा दर फक्त पडताळणीपुरता घ्यावा. दर नगाला आहे की किलोला, हे एकक सोबत उचललं नाही तर ६ हा आकडा निरुपयोगी आहे. किलोला असेल तर पुढे विचारायचं: तयार वजनावर की कच्च्या? ३२० वर १,९२० रुपये होतात, ४४० वर २,६४०.

राहिले शिल्लक ६० किलो. त्यांच्यासमोर परतीच्या चलनाचा नंबर नको, मूळ पाठवणीच्या चलनाचा नंबर आणि तारीख हवी. कच्चा माल परत येण्याची एक वर्षाची मुदत तो पाठवल्या दिवसापासून मोजली जाते. मुदत उलटली तर तो माल पाठवल्या दिवशीच जॉबवर्करला पुरवला असं धरलं जातं आणि त्यावर कर लागतो. पुढच्या खेपेला नवा ३०० किलो बार गेला आणि कोणी ‘एकूण शिल्लक ३६०’ असं एकत्र लिहिलं, की जुन्या ६० किलोंची तारीख पुसली जाते.